पंधराव्या मिनिटाला रडणारा फोन

लालबागचा एक मुलगा फोन घेऊन दुकानात आला आणि काउंटरवर ठेवतानाच म्हणाला, "दादा, बॅटरी बदलून टाका. बीजीएमआय खेळताना लय अडकतो." फोन साधाच होता. हेलिओ जी३५ चिप, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, ७२० पिक्सेलचा ६० हर्ट्झचा स्क्रीन. पाठ काचेवर सपाट बसत होती, म्हणजे बॅटरी फुगलेली नव्हती. खेळता खेळता फोन अचानक बंदही पडत नव्हता. मग बॅटरीवर संशय घ्यायला फारसं कारण उरत नाही.

अशा फोनला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अडकतो तो कधी? तो म्हणाला, "पॅराशूटने उतरताना एकदा गचके खातो, मग बरा चालतो. पंधरा-वीस मिनिटांनी पार रडायला लागतो." हे दोन वेगळे आजार आहेत. उतरताना घरं, झाडं, गाड्या स्टोरेजमधून भराभर उचलाव्या लागतात, तिथला गचका स्टोरेजचा. उशिरा येणारी आणि मग जाता जात नाही अशी मंदी मात्र उष्णतेची. चिप तापली की फोन स्वतःच तिचा वेग कमी करतो. तिसराही एक प्रकार असतो, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखाच संथ. तिथे ग्राफिक्स त्या चिपला झेपतच नसतात.

आधी स्टोरेज उघडलं. ६४ पैकी जेमतेम २ जीबी मोकळी. स्वस्त फोनमधल्या ईएमएमसी मेमरीत मोकळी जागा संपत आली की नवं काही लिहिण्याआधी तिला जुना डेटा हलवून जागा करावी लागते, आणि तेवढा वेळ गेमचं वाचन रांगेत थांबतं. एकट्या व्हॉट्सअॅपने १४ जीबी खाल्ली होती, त्यात बहुतेक मंडळाच्या ग्रुपवरचे व्हिडिओ. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज, तिथे मोठ्या फाइल आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या फाइल वेगळ्या दिसतात. तिथूनच त्याला निवडून काढायला लावल्या. गेमवर मात्र फक्त क्लिअर कॅश दाबायचं. शेजारचं क्लिअर स्टोरेज दाबलं तर उतरवलेले नकाशे जातात आणि ते पुन्हा डाउनलोड करत बसावं लागतं.

त्याच सेटिंगच्या आसपास मेमरी एक्स्टेन्शन सापडलं, ४ जीबीवर चालू. जाहिरातीत याला जास्तीची रॅम म्हणतात. प्रत्यक्षात तो आधीच धापा टाकणाऱ्या स्टोरेजचाच तुकडा असतो आणि रॅमपेक्षा खूप हळू. ते बंद करून फोन रीस्टार्ट केला, तेवढी जागाही परत मिळाली. २ जीबी रॅमच्या फोनवर मी हे डोळे झाकून करत नाही. तिथे ते बंद केलं तर एक कॉल येऊन गेला तरी गेम मागे बंद पडू शकतो.

सगळं मिळून १७ जीबी मोकळी झाली, तरी लगेच लावून पाहिलं तेव्हा उतरतानाचा गचका थोडासाच कमी झाला होता. हे अपेक्षितच होतं. फाइल उडवली तरी तो भाग आता रिकामा आहे हे मेमरीच्या कंट्रोलरला वेगळं कळवावं लागतं, आणि अँड्रॉइड ते काम फोन चार्जिंगला लावून नुसता पडलेला असताना उरकतो. म्हणून त्याला सांगितलं, आज रात्री फोन चार्जरला लाव, हातात घेऊ नकोस, उद्या सकाळी बघ.

मग उष्णता. पोरगा खेळतो कुठे, तर चाळीतल्या पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, मे महिन्यात. जाड सिलिकॉन कव्हर, चार्जर लावलेला, ब्राइटनेस पूर्ण. तसंच सगळं ठेवून दुकानात खेळायला बसवलं, गचके सुरू झाल्यावर थांबवलं आणि लगेच लॅपटॉपला जोडून तापमान वाचलं:

```
adb shell dumpsys battery
```

त्यात temperature: 438 असं आलं. आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे बॅटरी ४३.८ अंशांवर. आत चिप त्याहूनही तापलेली असते. मग फोन थंड होऊ दिला, कव्हर काढलं, चार्जर काढला, ब्राइटनेस निम्म्यावर आणला आणि टेबल फॅनच्या वाऱ्यात तेवढाच वेळ खेळवलं. ३९.१. फोन तोच, गेम तोच. चार्जिंगमध्ये बॅटरी स्वतः तापते आणि चिपची उष्णता बाहेर पडायची वाटही तीच पाठ असते, त्यामुळे खेळताना चार्जिंग हा सगळ्यात महागडा शौक. ट्रेनमध्ये आणखी एक भर पडते: रेंज कमी-जास्त होत राहिली की मोडेम जोर लावतो आणि तोही तापतो.

फोन तपासताना मागच्या कॅमेऱ्याच्या काचेत आतून हलकं धुकं दिसलं. विचारल्यावर कळलं की दोन मॅचच्या मध्ये पठ्ठ्या फोन फ्रीजरमध्ये ठेवतो. मुंबईच्या दमट हवेत थंडगार फोन बाहेर काढला की गार पाण्याच्या ग्लासाला सुटतो तसा घाम त्याला सुटतो, फक्त आतूनही, बोर्डावर. मग काही आठवड्यांनी चार्जिंग पोर्ट हिरवा पडून येतो. पाठीला चिकटवायचे थंड प्लेटचे कूलरही पावसाळ्यात जपून वापरावेत. त्या दिवसांत इथे २५ अंशांच्या आसपासच दव धरतं, आणि प्लेट त्याखाली गेली की पाठीवर थेंब जमतात. साधा पंखा फोनला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही, म्हणून तो सुरक्षित.

राहिलं ग्राफिक्स. त्याने स्मूद ठेवलं होतं ते बरोबर, पण फ्रेम रेट अल्ट्रा, म्हणजे सेकंदाला ४० फ्रेम. इथे खरी गंमत आहे. ६० हर्ट्झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. ६० ला ४० ने भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम एकदाच दिसते, पुढची दोनदा, परत एकदा. फ्रेम मोजणारा मीटर ४० दाखवतो आणि डोळ्याला मात्र थरथर जाणवते. हाय म्हणजे ३०. तिथे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि चिपला एक फ्रेम बनवायला २५ ऐवजी ३३ मिलिसेकंद मिळतात. पोराचं तोंड पडलं. "४० चे ३० करायचे? मग स्मूद कसं होईल?" मी म्हटलं, आधी खेळ, मग बोल.

शॅडो आणि अँटी-अलायझिंग बंद केलं. ऑटो-अॅडजस्ट ग्राफिक्सही बंद केलं, नाहीतर गेम मध्येच स्वतःहून सेटिंग बदलतो आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये कुठल्याशा व्हिडिओवरून त्याने Force 4x MSAA चालू केलं होतं. ते चित्राच्या कडा गुळगुळीत करतं आणि त्यासाठी जीपीयूला जास्तीचं काम लावतं, म्हणजे हवं त्याच्या अगदी उलट. तेही बंद. रॅम बूस्टरचं अॅप काढून टाकलं. ते जे बंद करतं ते पुन्हा चालू होतंच, आणि त्या चालू होण्यात चिप राबते.

दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा दुकानात पूर्ण मॅच खेळला, पंख्याखाली, कव्हर आणि चार्जरशिवाय. उतरताना एक बारीकसा धक्का, बाकी मीटर शेवटपर्यंत ३० ला चिकटून, आणि शेवटी बॅटरी ३८.६. स्मोक ग्रेनेडच्या धुरात मात्र आकडा अजूनही २२-२३ वर येतो, कारण एकावर एक असे पारदर्शक थर रंगवायला या चिपचा जीपीयू तोकडाच पडतो. त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. बॅटरी बदलली नाही. कॅमेऱ्याच्या काचेतली वाफ काढायला फोन उघडावा लागला, पैसे तेवढ्याचेच घेतले.