सहाची भेट, पावणेपाचचा फोन

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मैत्रिणीला भेटायचे ठरले होते आणि पावणेपाच वाजता मी फोन हातात धरून खिडकीशी उभी होते. बेत दहा दिवसांपूर्वी ठरलेला, तोही माझ्याच आग्रहावरून. मधल्या काळात अंगावर आलेले एक काम तीन रात्री जागून नुकतेच हातावेगळे केले होते, आणि आता कोणाच्या समोर दोन तास बसून नीट ऐकणे, हसणे, उत्तर देणे आपल्याच्याने होणार नाही, हे मला स्पष्ट कळत होते. मी आजारी नव्हते, घरात काही अघटित घडले नव्हते, आणि खरी अडचण तीच होती. न जाण्याला चारचौघांत मान्य होईल असे कारणच माझ्याजवळ नव्हते.

अशा वेळी डोकेदुखी फार उपयोगी पडते. मागे एकदा मी तिचा आधार घेतला होता. त्या रात्री नऊ वाजता मैत्रिणीचा काळजीने फोन आला, तेव्हा मला आवाज खोल काढावा लागला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारपूस केली, आणि आठवड्याने भेटल्यावर, तुला हे वरचेवर होते, डोळे तपासून घे, असा मनापासून सल्ला दिला. मी डोळे तपासून घेईन असे कबूलही केले! खोट्या कारणाचा खरा त्रास बेत मोडताना होत नाही. समोरच्या माणसाची माया त्या कारणावर खर्च होऊ लागते, तेव्हा होतो.

म्हणून या वेळी खरे सांगायचे ठरवले. पहिला मजकूर लिहिला तो आठ ओळींचा झाला. त्यात तीन वेळा ‘सॉरी’ होते, कामाचा सगळा इतिहास होता आणि शेवटी ‘तू रागावणार नाहीस ना?’ असा प्रश्न होता. वाचून पाहिले तेव्हा लक्षात आले की संध्याकाळ तिची बुडत होती आणि समजूत मात्र तिनेच माझी घालावी, अशी मी सोय करून ठेवली होती. तो मजकूर पुसला. दुसरा लिहिला, ‘आज जमत नाहीये, पुन्हा कधीतरी नक्की भेटू.’ हा सुटसुटीत होता, पण त्यातल्या ‘कधीतरी’ने सगळा घोळ केला होता. ‘नक्की’ हा शब्द शेजारी बसवला म्हणून ‘कधीतरी’ काही नक्की होत नाही. पुढचा दिवस शोधायचे काम मी गुपचूप तिच्याकडे सरकवले होते, एवढाच त्याचा अर्थ.

एव्हाना पाच वाजत आले होते. तिला यायला पाऊण तास लागतो, म्हणजे ती सव्वापाचला घराबाहेर पडणार. माझ्या दृष्टीने सहाची भेट तिच्यासाठी सव्वापाचलाच सुरू होते, आणि वाटेत असताना मेसेज तिच्या नजरेला पडला नाही, तर ती तिथे पोहोचून माझी वाट पाहत उभी राहणार. इतक्या उशिरा लिहिण्यात अर्थ नव्हता, बोलायलाच हवे होते.

फोन करण्यापूर्वी मात्र मी डायरी उघडली, आणि तेवढे सुचले ते बरे झाले. कारण अपराधीपणाच्या भरात जिभेवर ‘उद्याच भेटू’ हे तयार होते. शुक्रवारी सकाळी आठपासून मला बाहेर राहायचे होते; संध्याकाळी माझी अवस्था आजच्यासारखीच झाली असती आणि एक बेत मोडल्याची भरपाई म्हणून दिलेला दुसरा बेतही मोडला असता. पहिल्यांदा माणूस समजून घेते, लागोपाठ दुसऱ्यांदा ते मनात हिशेब मांडू लागते. रविवारची सकाळ आणि मंगळवारची संध्याकाळ खरोखर मोकळी होती. त्या दोन्ही वेळा कागदावर लिहून घेतल्या आणि मग फोन लावला.

“अगं, निघाली नाहीस ना? मी आज येत नाहीये. तीन रात्री झोप नाही, आले तरी नुसती समोर बसून राहीन. तुला इतक्या उशिरा सांगते आहे, ही माझी चूक आहे. दुपारीच कळायला हवे होते. रविवारी दहा वाजता मी तुझ्या बाजूला येते. ते नसेल जमत तर मंगळवारी सहाला. पण आज तुला काही महत्त्वाचे बोलायचे असेल तर तसे सांग, मी येते.”

शेवटचे वाक्य मी तोंडदेखले म्हटले नव्हते. तिच्या मनात काही साठले असते, तर माझ्या झोपेला थांबावेच लागले असते. ती क्षणभर गप्प राहिली. त्या शांततेत आणखी दोन कारणे पुढे करण्याचा मोह मी कसाबसा आवरला. मग ती म्हणाली, “मी केस धुऊन तयार होऊन बसले आहे, बाई.” आवाजात नाराजी होती, आणि ती असायलाच हवी होती. मी ‘हो’ म्हटले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “रविवारी दहा नको, अकरा.”

रविवारी मी पावणेअकरालाच जाऊन पोहोचले. ती पंचवीस मिनिटे उशिरा आली आणि मी कारण विचारले नाही.