लग्नाची रजा आणि तिजोरीची किल्ली

लग्न 16 फेब्रुवारी 2025 ला ठरलं आणि दिवाळी संपताच, 4 नोव्हेंबरला मी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सरकारी बँकेच्या छोट्या शाखेत मी अधिकारी आहे. साहेब म्हणाले, "अगं, अजून तीन महिने आहेत!"

मला तीन महिने हवेच होते, ते किल्लीसाठी. तिजोरीच्या दोन किल्ल्या असतात, एक माझ्याकडे आणि एक कॅशियरकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. मी रजेवर गेले की माझी किल्ली सांभाळायला दुसरा अधिकारी लागतो, आणि आमच्या शाखेत तो नाहीच. म्हणून अर्जात फक्त 'स्वतःचे लग्न व त्यानंतरचा प्रवास' एवढंच लिहून मी थांबले नाही. बदली म्हणून शेजारच्या दोन शाखांमधल्या दोघांची नावं त्यांना विचारून लिहिली.

तारखा कॅलेंडर पुढ्यात घेऊन मांडल्या. हक्काच्या रजेत मधल्या सुट्ट्याही मोजल्या जातात, पण सुरुवातीच्या आणि शेवटच्या सुट्ट्या जोडून घेता येतात. त्यामुळे 10 ते 25 अशी 16 दिवसांची रजा मागितली. आधी 8 तारखेचा दुसरा शनिवार नि रविवार, शेवटी 26 ची महाशिवरात्र. शाखेबाहेर 19 दिवस. साहेबांनी अर्ज प्रादेशिक कार्यालयात पाठवला आणि आठवड्याभरात मंजुरी आली. आवक शिक्क्याची प्रत मी जपून ठेवली. 18 तारखेच्या नेत्रावतीचं आरक्षण 60 दिवस आधी, 20 डिसेंबरला खुलं झालं, तेव्हा एर्नाकुलमची तिकिटं निर्धास्तपणे काढली. तिथून मुन्नारला जायचं होतं.

गुरुवारी, 6 तारखेला, फोन आला. येणारे अधिकारी तापाने आजारी पडले होते. माझे हातपाय गार पडले. साहेबांनी मंजुरीची प्रत मागितली, त्यातलं दुसरं नाव वाचून तिथल्या तिथे प्रादेशिक कार्यालयाला फोन लावला.

शुक्रवारी साडेचारला त्या मॅडम आल्या. रोकड मोजल्याशिवाय किल्ली हस्तांतरित होत नाही. पाचशेची सगळी पाकिटं जुळली, शंभरच्या एका पाकिटात मात्र 99 नोटा निघाल्या. तीनदा मोजल्या तरी तेच. संगणकावरच्या रकमेत आणि हातातल्या रोकडीत शंभराचा फरक! कॅशियर दादांनी मोजणी यंत्राचं झाकण उघडलं, तर रोलरला चिकटलेली नोट हाती लागली.

पावणेसातला मी रजिस्टरवर सही केली आणि मॅडमनी किल्ली घेतली. साहेब दारापर्यंत आले. "हळदीला येतो गं," म्हणाले, "आणि 27 ला साडेनऊला ये. तोवर बँकेचा फोन घेऊ नकोस."