जांभळा रंग आला, पण परावर्तन हटेना: अखेर थर जमला

काचेवरचं परावर्तन घटवणारा थर देण्यासाठी मी स्लाइड सिलिकाच्या सोलमध्ये, म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेल्या द्रवात, बुडवून मोटरने वर ओढतो. मागच्या वेळी त्या मोटरचा वेग वाढवून स्लाइडवरचा तांबूस थर जांभळा केला होता. जांभळा म्हणजे हिरवा प्रकाश सर्वात कमी परततोय, म्हणजे ५५० नॅनोमीटरला पाव तरंगलांबी बसली. जाडी जुळली. तरी स्लाइडच्या मागच्या बाजूला काळा रंग फासून हिरवा लेझर टाकला आणि फोटोडायोडवर मोजलं, तर कोऱ्या काचेच्या निम्म्याहून जरा जास्तच प्रकाश परत येत होता. वेग थोडा वरखाली करून पाहिला, तर आकडा उलट वाढला.

दोष जाडीत नव्हताच. जाडी फक्त किमान परावर्तन कोणत्या रंगाला पडेल ते ठरवते. ते किती खाली जाईल हे अपवर्तनांकावर अवलंबून असतं. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लहरी उलट्या कलेत आल्या, तरी त्यांची ताकद सारखी नसेल तर काही तरी उरतंच.

`R = ((ns − n²)/(ns + n²))²`

R म्हणजे परतणारा प्रकाश, ns काचेचा अपवर्तनांक, n थराचा. काच १.५२ची, म्हणून हवा तो n तिचं वर्गमूळ, १.२३. माझा थर आम्लावर तयार केलेल्या सिलिका सोलचा. तो घट्ट बसतो, n साधारण १.४४. सूत्रात घाला: २.४ टक्के. कोरी काच ४.३ टक्के. माझ्या फोटोडायोडचं गुणोत्तरही तेच सांगत होतं! कारखान्यात भिंगांवर देतात ते मॅग्नेशियम फ्लोराइड १.३८चं, तेही या काचेवर १.३ टक्क्यांवरच थांबतं.

मग अमोनियावरचा सोल केला. त्यात सिलिकाचे बारीक गोळे होतात, थरात त्यांच्यामध्ये हवा राहते आणि n खाली येतो. n घटला की जाडी वाढवावी लागते: १.४४ला ९५ नॅनोमीटर पुरत होते, १.२३ला ११२ लागतात. एप्रिलातल्या जळगावच्या उकाड्यातही कूलर बंद ठेवला, कारण वाऱ्याच्या झोतात थरावर आडवे पट्टे उमटतात. सोलसाठी आयसोप्रॉपिल अल्कोहोल प्रयोगशाळेच्या प्रतीचंच घ्या. स्वस्तातल्या बाटलीत पाणी असतं आणि सोल गढूळ होतो.

अर्धी बुडवलेली स्लाइड खिडकीशी धरली. कोऱ्या भागात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लख्ख दिसतं आणि थराच्या रेषेपाशी येऊन विझतंच जणू. फार सुंदर! त्यावर तोंडाची वाफ सोडली की जांभळा क्षणभर निळ्याकडे सरकतो: छिद्रांत ओल शिरली, n वाढला.

तीच छिद्रं याची मर्यादा. त्यांच्यामुळे थर मऊ आहे, कापसानेही ओरखडतो. म्हणून दुर्बिणीच्या वस्तुभिंगाच्या चारही पृष्ठभागांना तो द्यायचा बेत सोडला. हवेच्या फटीकडचे आतले दोनच करतो, तिथे पुसायची वेळ येत नाही. त्यातलं फ्लिंट काचेचं भिंग १.६२चं, त्याला n १.२७ हवा. लिहिता लिहिता सुचलं: अमोनियाच्या सोलमध्ये थोडा आम्लाचा सोल मिसळला तर n तेवढा वर येईल आणि थरही जरा टणक होईल. फ्लिंटआधी ते मिश्रण स्लाइडवर बघतो.