दोन बंडलांचा दर ३,३०० कसा झाला

बार्शीतल्या एका इलेक्ट्रिकल दुकानाचे हिशेब मी बघते. दुकानाचं बँकेत कॅश क्रेडिट आहे, त्यामुळे दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. मार्चअखेरचं स्टेटमेंट काढायला बसलो तेव्हा बिलिंग सांभाळणारा मालकांचा पुतण्या खुशीत होता. म्हणाला, "मॅडम, निगेटिव्हमध्ये आता एकच आयटम राहिलाय, अडीच एमएम वायर. बाकी सगळे प्लसमध्ये आलेत."

यादी मालकांच्या हातात होती. दीड एमएम वायरच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. शिल्लक २ बंडल, दर ३,३००, किंमत ६,६०० रुपये. "अहो, तेहतीसशेला मी हा बंडल विकतसुद्धा नाही. घेतला कधी एवढ्याला?"

ज्या आयटमची कुणाला काळजी नव्हती तोही बिघडलेला निघाला. निगेटिव्हच्या रिपोर्टमध्ये फक्त आज शून्याखाली असलेला माल दिसतो. मध्यंतरी शून्याखाली जाऊन परत वर आलेला माल त्यात येत नाही. पण जाताजाता त्याने दर बिघडवलेला असतो.

स्टॉकचं रजिस्टर तारीखवार उघडलं. मार्चच्या सुरुवातीला १० बंडल होते, प्रत्येकी १,८०० रुपयांचे, म्हणजे १८,००० चा माल. १६ तारखेपर्यंत २८ बंडलांची बिलं झाली होती. आता दहाच्या साठ्यातून अठ्ठावीस कसे विकणार? दुकानात माल होता, सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. ६ तारखेला टेम्पोने २० बंडल १,९५० च्या दराने उतरवले होते. बिल मालकांच्या बॅगेत राहिलं आणि १६ तारखेला नोंदवलं गेलं, तेही १६ च्याच तारखेला.

हे सॉफ्टवेअर चालती सरासरी धरतं. माल बाहेर जाताना त्या क्षणाची सरासरी लावतं आणि नवी खरेदी आली की उरलेली किंमत व नवी किंमत एकत्र करून पुन्हा भागतं. त्यामुळे २८ च्या २८ बंडल १,८०० ने गेले. शिल्लक उणे १८ आणि किंमत उणे ३२,४००. त्यात ३९,००० ची खरेदी मिळवली की उरतात २ बंडल आणि ६,६०० रुपये. भागाकार ३,३००. गणित म्हणून बरोबरच आहे, फक्त तो दर कुठल्याही बिलावर नाही.

खरेदी खऱ्या तारखेला असती तर काय झालं असतं, ते पुतण्यासमोरच कागदावर मांडलं. ६ तारखेपर्यंत ६ बंडल विकले होते, म्हणजे १,८०० चे ४ उरले होते. त्यात १,९५० चे २० मिळवले की २४ बंडल ४६,२०० चे, दर १,९२५. पुढे २२ विकले, उरले २, किंमत ३,८५०. म्हणजे स्टॉक २,७५० ने फुगला होता आणि नफाही तेवढाच. एका आयटमला एवढं. दुकानात वायरचेच कितीतरी प्रकार आहेत.

पुतण्याने विचारलं, "मग उणे दिसलं त्याच दिवशी मी प्लस १८ ची ॲडजस्टमेंट टाकली असती तर?" असं तो नेहमी करायचा, दर शून्य ठेवून. आकडे तेच घेतले. उणे १८ मध्ये शून्य दराने १८ मिळवले की नग शून्य होतात, पण किंमत उणे ३२,४०० तशीच राहते. मग ३९,००० ची खरेदी आली की २० बंडल ६,६०० चे, दर ३३०. पुढच्या प्रत्येक बंडलावर सोळाशेचा खोटा नफा. शिवाय वीस बंडलांची खरेदी नंतर नोंदवलीच, म्हणजे आधी घातलेले १८ पुस्तकात जास्तीचे. त्यावर तो काही बोलला नाही, पण आधी कुठे कुठे असं केलंय त्याची यादी काढून दिली.

दुरुस्ती साधी होती. बॅकअप घेतला, खरेदीची तारीख १६ वरून ६ केली आणि स्टॉकची किंमत पुन्हा मोजणारा पर्याय चालवला. दर १,९२५ आला. तारीख मार्चमध्येच सरकत होती आणि मार्चचं जीएसटी रिटर्न भरायचं होतं, म्हणून हे चाललं. महिना ओलांडावा लागला असता तर मी खरेदीची नोंद हलवली नसती, भरलेल्या रिटर्नशी ताळा तुटतो. तेव्हा माल उतरल्याच्या तारखेला नुसती आवक नोंद करायची आणि बिल त्या आवकेला जोडायचं.

असे आणखी आयटम शोधायला एक खूण पुरते. वर्षाच्या सुरुवातीचा दर धरून खरेदीचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दर बघायचा. सरासरी त्याच्या बाहेर गेली असेल तर तो आयटम बहुधा कधीतरी शून्याखाली जाऊन आलाय, नाहीतर कुणीतरी भलत्या दराने ॲडजस्टमेंट टाकलीय.

अडीच एमएमची गोष्ट वेगळी. तिथे खरेदी सगळी नोंदलेली होती, तरी शिल्लक उणे १९ बंडल. बिलवार नफ्याचा रिपोर्ट काढला आणि तोट्याकडून वाचायला लागले. पहिल्याच ओळीवर फेब्रुवारीतलं १,०५० रुपयांचं बिल, तोटा जवळजवळ ऐंशी हजार! काउंटरवरच्या पोराने ३० मीटर वायर कापून दिली आणि एककात मीटरऐवजी बंडल राहू दिलं. दर ३५ त्याने हाताने घातला, म्हणून रक्कम बरोबर आली. रक्कम बरोबर असली की ना गिऱ्हाईक तक्रार करतं, ना गल्ला चुकतो.

फेब्रुवारीचं रिटर्न गेलेलं होतं, म्हणून बिलाला हात लावला नाही. त्याच तारखेला स्टॉक जर्नल केलं. ३० बंडल आत, ज्या २,७०० च्या दराने बाहेर गेले होते त्याच दराने. आणि ३० मीटर बाहेर, ९० मीटरचा बंडल म्हणून मीटरला ३० रुपयांनी. उणे १९ मध्ये ३० मिळवून ३० मीटर वजा केले की १० बंडल आणि ६० मीटर उरतात. मग पोराला रॅकवर चढवलं. दहा सीलबंद आणि एक कापलेला. कापलेला मोजला, साठ मीटर भरला.

मोजणी मुद्दाम शेवटी ठेवली. ती आधी करून आकडा जुळवला असता, तर नंतर सापडलेली प्रत्येक चूक दुरुस्त करताना स्टॉक पुन्हा हलला असता.

एक चार एमएम तेवढा राहिला. तिथली शून्य दराची ॲडजस्टमेंट मागच्या वर्षातली, आणि त्या वर्षाचा ताळेबंद सही होऊन गेलेला. तिथे मागे जाता येत नाही. ६ बंडल पुस्तकात ३,१५० ने पडून होते. जुन्या नोंदी कागदावर ओळीने मांडल्यावर खरा दर ४,२०० आला. आजच्या तारखेला ६ बंडल जुन्या दराने बाहेर काढून नव्या दराने आत घेतले आणि ६,३०० चा फरक 'मागील वर्षाचा स्टॉक फरक' अशा वेगळ्या खात्यात ठेवला, चालू खरेदीत मिसळला नाही. सीएंना तसं कळवलं.

निगेटिव्ह झाल्यावर बिलच अडवायची सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये आहे. मालकांना ती नको होती, समोर गिऱ्हाईक उभं असताना काय सांगणार? मग असं ठरलं की टेम्पो उतरला की पुतण्याने लगेच नग आणि मागच्या खरेदीचा दर टाकून आवक नोंद करायची, आणि बिल बॅगेतून बाहेर आलं की दर बदलायचा.