माहा आवाज कुठी गेला?

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही.

भाऊंच्या तर्रीवर मी रील केली. भाऊंनी ती दोनदा पाहिली, फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "मस्त हाय. पन माहा आवाज कुठी गेला?" चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

भट्टी फार घोंघावते म्हणून माझा आवाज टाकला, असं सांगून मी सुटलो. मनात मात्र आलंच: पहाटे साडेचारला कुडकुडत शूटिंग करायचं, तीन रात्री एडिटिंग करायचं, रुपया घ्यायचा नाही, आणि वर हे!

मग कापून टाकलेल्या क्लिप्स लावल्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाऊ मंद आचेवर परततात, कडेला तेल सुटेपर्यंत. वीसेक मिनिटांचं ते काम मी दोन सेकंदांत उरकलं होतं. पुढं गंज खाली उतरवतात, जरा थांबतात, मग तिखट. आणि तिथं भट्टीच्या आवाजातही नीट ऐकू येतं: "कडकडीत तेलात तिखट टाकलं का जयते. रंग काया, चव कडू. मंग उकयतं पानी."

रीलमध्ये नेमकं याच जागी मी म्हणतोय, "...आणि हा त्यांचा सीक्रेट मसाला!" माणूस गुपित सांगत होता आणि मी त्याच्या बोलण्यावर माझा आवाज टाकत होतो.

पहिल्या दिवसाचं तर लिहायलाही नको. गंज आचेवरच ठेवा भाऊ, धूर छान दिसतो, असं मीच म्हटलं होतं. तिखट पडलं, सगळ्यांना ठसका लागला, लाल रंग बघता बघता चॉकलेटी झाला. भाऊंनी वास घेतला आणि अख्खा घाणा नालीत ओतला. त्या दिवशीही काही बोलले नाहीत.

कॅप्शनमध्ये मी "झणझणीत कट" लिहिलंय. आमच्या चौकात कट मागितला तर लोक केस कापायचं दुकान दाखवतील. इथं तर्री म्हणतात, हे मला माहीत नव्हतं थोडंच! मोठ्या शहरातल्या रील पाहून पाहून... जाऊ दे.

मग नवीन लिहिलं. तीस सेकंदांत साठेक शब्द बसतात, मी नव्वद कोंबले होते. या वेळी चाळीसच ठेवले, तेही त्यांचेच. तर्री उकळते तिथं कोणी बोलायचं नाही. मटकीचा शॉट ठेवलाय, पण "रातभर मोड" हे वाक्य काढलं. थंडीत मोडांना दीड दिवस लागतो, भाऊंनी लगेच पकडलं असतं. कॅप्शनची पहिली ओळच काय ती दिसते, म्हणून तीच धरली: "तिखट कवा टाकाव? गंज उतरवल्यावर."

संध्याकाळी त्यांच्या कापूस भरलेल्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. कापसामुळे आवाज घुमत नाही, स्टुडिओच समजा. भाऊंनी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि बातम्या वाचाव्यात तसं सुरू केलं, "नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत..."

सात टेक झाले. सातही तसेच.