'लिहिलीस'मधली ई कोणाची?

प्रबंधासाठी 14 वाक्यांचा एक मराठी उतारा निवडला होता. त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली पुरुष, वचन, लिंग, विभक्ती आणि काळ प्रमाण संक्षेपांत लिहायचे होते, म्हणजे ग्लॉसिंग करायचं होतं. संक्षेप लाइपझिग नियमांतले: एकवचनाला SG, स्त्रीलिंगाला F, कर्त्याच्या 'ने'ला ERG. मातृभाषेतला उतारा, एका संध्याकाळी उरकेल असं धरून बसलो. दुसऱ्याच वाक्याला अडलो.

वाक्य होतं, 'तू चिठ्ठी लिहिलीस.' उताऱ्यात हे एका मुलाला उद्देशून म्हटलेलं आहे. क्रियापदाखाली मी लिहिलं:

```
write.PST.2SG.F
```

मार्गदर्शक बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, "अरे, ज्याच्याशी बोलताहेत तो मुलगा आहे ना? मग तो स्त्रीलिंगी कसा झाला?" उत्तर देता आलं नाही. लिंग, वचन, पुरुष सगळं मी पूर्णविरामांनी एकाला एक चिकटवलं होतं, त्यामुळे कोणतं कोणाचं हे माझं मलाच दिसत नव्हतं. या नियमांत पूर्णविराम तेव्हाच वापरतात, जेव्हा अनेक अर्थ एकाच अविभाज्य तुकड्यात असतात. तुकडे सुटे होत असतील तर मध्ये हायफन हवा. 2SG मात्र अपवाद: पुरुषामागून वचन आलं तर मध्ये काहीच घालत नाहीत.

मग तुकडे सुटतात का ते तपासायला एकेक शब्द बदलून पाहिला. आधी कर्म बदललं: तू निबंध लिहिलास, तू पत्र लिहिलेस, तू चिठ्ठ्या लिहिल्यास. कर्ता तोच, तरी मधला स्वर बदलतोय आणि शेवटचा 'स' जागचा हलत नाही. मग कर्ता बदलला: तिने चिठ्ठी लिहिली, तुम्ही चिठ्ठी लिहिलीत. आता 'ई' तशीच राहिली आणि 'स' गेला किंवा त्याचा 'त' झाला. म्हणजे 'ई' चिठ्ठीची आणि 'स' तूचा. एकच क्रियापद कर्म आणि कर्ता दोघांशी जुळतं. शाळेत याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणून पाठ केलं होतं. संकर नेमका कुठे होतो, हे मला या दोन अक्षरांत पहिल्यांदा दिसलं.

तुकडे पाडताना देवनागरी आडवी आली. सीमा 'ली'च्या पोटात आहे, ल् एकीकडे आणि ई दुसरीकडे, आणि मात्रेच्या मधून हायफन जात नाही. म्हणून वरची ओळ रोमन लिप्यंतरात घेतली:

```
tū    ciṭhṭhī      lihi-l-ī-s
2SG   letter(F)    write-PFV-F.SG-2SG
```

F कंसात आहे, कारण चिठ्ठीचं लिंग अंगचंच आहे, प्रत्ययाने आलेलं नाही.

'ल'ला PST म्हणायचं की PFV, यावर मात्र बराच वेळ गेला. भूतकाळ म्हणावा तर 'तू चिठ्ठी लिहिली असशील' यात तोच ल आहे आणि भूतकाळ सांगणारं दुसरं काही नाही. शिवाय निघायच्या आधीच आपण 'हा आलोच' म्हणतो. तेव्हा ल क्रिया पुरी झाल्याचं सांगतो, असं मानून मी PFV ठरवलं आणि संक्षेपांच्या यादीत तसं नोंदवलं. कोणी PST वापरलं तर त्याला मी चूक म्हणणार नाही, फक्त संपूर्ण उताऱ्यात एकच हवं.

विभक्तीतही असाच निर्णय करावा लागला. पुढच्या वाक्यात 'आईने' होतं, तिथे ERG सरळ लागला. पण त्याच परिच्छेदातल्या 'पेनाने'खाली ERG लिहिलं तर पेन कर्ता होतो. प्रत्यय तोच, तृतीयाही तीच, काम साधनाचं, म्हणून तिथे INS. 'तू'ला तर काहीच प्रत्यय नाही. जुन्या मराठीत 'त्वां' असं वेगळं रूप होतं, आज 'तू लिहितोस' आणि 'तू लिहिलीस' दोन्हीकडे तूच आहे. जे रूपात दिसत नाही ते लिहायचं तर चौकोनी कंसात, 2SG[ERG] असं लिहिता येतं. मी नुसतं 2SG ठेवलं आणि तळटीप दिली.

शेवटी बाईंनी सांगितलेली तपासणी केली: प्रत्येक शब्दात वर जितके हायफन, खाली तितकेच. 14 वाक्यांत पाच ठिकाणी आकडा जुळला नाही. पाचही शब्द 'ल' प्रत्ययाची क्रियापदं होती, आणि पाचही ठिकाणी मी 'ल' आणि त्यापुढचा स्वर वर एकत्र ठेवून खाली तोडले होते.