बीकरने किती उष्णता घेतली?

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला उदासिनीकरण उष्णता कमीच येते, याची मला सवय आहे. थोडी उष्णता बीकर घेतो, थोडी हवेत जाते आणि प्रति मोल साधारण 57 किलोज्यूलऐवजी 48-50 हाती लागतात. त्या दिवशी मात्र एका जोडीच्या जर्नलमध्ये 60.3 होतं. "सर, आम्ही सगळी करेक्शन्स केलीत, तरी जास्त का?"

एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, प्रत्येकी 100 मिली, दोन्ही 26.0 अंशांवर. पाचव्या मिनिटाला मिसळल्यावर सातव्या मिनिटाला तापमान 31.8 पर्यंत चढलं, मग मिनिटाला 0.2 अंशाने उतरू लागलं. त्यांनी ही उतरती रेष आलेखावर पाचव्या मिनिटापर्यंत मागे नेऊन 32.2 घेतले होते. म्हणजे वाढ 6.2 अंश. हे काम चोख होतं.

शंका आली ती बीकरच्या आकड्यावर. त्यांच्या हिशेबाने बीकर एक अंश तापायला 136 ज्यूल घेत होता. मी बीकर तराजूवर ठेवला: 90 ग्रॅम. काचेची विशिष्ट उष्णता 0.84 च्या आसपास धरली, तर अख्खा बीकर तापला तरी 76 ज्यूलच लागतील. थर्मामीटर आणि ढवळणी मिळून इतकी भर पडणं शक्य नव्हतं.

मग बीकरचा हा आकडा ज्यावरून काढला होता, ती गरम पाण्याची रीडिंग उघडली. बीकरमधल्या 26.0 अंशांच्या 100 मिली पाण्यात 46.0 अंशांचं तेवढंच पाणी ओतलं होतं आणि दोन मिनिटांनी दिसलेलं सर्वोच्च तापमान, 34.6, सरळ सूत्रात घातलं होतं. त्या दोन मिनिटांत हवेत गेलेली उष्णताही अशी बीकरच्या नावावर चढली. मूळ प्रयोगात हवेतला ऱ्हास आलेखाने आधीच भरून काढला होता, त्यामुळे तो दोनदा मोजला गेला.

सुदैवाने वहीत पुढचीही रीडिंग होती. इथे पाणी जास्त तापलेलं असल्याने उतार मिनिटाला 0.3 अंश होता. तीच रेष ओतण्याच्या क्षणापर्यंत मागे नेली, तेव्हा 35.2 मिळाले. गरम पाण्याने 4514 ज्यूल दिले, थंड पाण्याने 3846 घेतले. उरलेल्या 669 ला 9.2 अंशांनी भागल्यावर बीकरचा वाटा अंशाला सुमारे 73 ज्यूल झाला. तराजूशी हे छान जुळत होतं.

आता अंशाला द्रावणाचे 836 आणि बीकरचे 73, एकूण 909 ज्यूल. त्याला 6.2 ने गुणून 0.1 मोलने भागलं की 56.4 किलोज्यूल प्रति मोल.

"मग उरलेलं कुठे गेलं?" मुलीने लगेच विचारलं. हा प्रश्न मला मनापासून आवडला. तिला 6.2 ऐवजी 6.3 घालून पाहायला सांगितलं: 57.3 आले. आमचा थर्मामीटर 0.1 अंशापलीकडे वाचताच येत नाही. शिवाय आपण मिठाच्या द्रावणाला पाण्याचीच विशिष्ट उष्णता लावतो, त्यात एक-दीड टक्का फरक पडतो. तिने जर्नलमध्ये 56.4 च लिहिलं आणि शेजारी ± 1.